सीसॅटचे गुण शेवटच्या यादीत जातात कुठे? पात्रतेचा पेपर आणि गुणवत्तेचा पेपर

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. पर्यायांवर गोळे रंगवण्याऐवजी पानंच्या पानं लिहायची, असा हा बदल २०२५ च्या परीक्षेपासून लागू झाला. खरं तर तो २०२३ पासूनच यायचा होता, पण पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने तो दोन वर्षं पुढे ढकलला. या नव्या पद्धतीत पेपर नऊ आहेत आणि त्यातले दोन, मराठी आणि इंग्रजी, प्रत्येकी ३०० गुणांचे आहेत. इतर सात पेपर प्रत्येकी २५० चे. म्हणजे सर्वांत जास्त गुणांचे पेपर भाषेचे, आणि तरीही अंतिम यादीत त्यांचा एकही गुण धरला जात नाही.

इथेच घरच्यांचा आणि पहिल्यांदा अर्ज भरणाऱ्यांचा गोंधळ होतो. "मराठीत २१० पडले, तरी यादीत मागे कसा?" असं एखादे वडील विचारतात. दुसरीकडे पूर्व परीक्षेतल्या सीसॅट या आकलन आणि तर्काच्या पेपरबद्दल कोणी म्हणतं, "सीसॅट काय, नुसतं क्वालिफाइंग आहे, परीक्षेच्या आधी आठवडाभर बघू." पहिल्याला वाटतं की या पेपरला फार किंमत आहे, दुसऱ्याला वाटतं की काहीच नाही. किंमत आहे, पण ती गुणांच्या बेरजेत दिसत नाही, म्हणून हा गोंधळ.

दोन जातीचे पेपर

ज्या पेपरात ठरावीक किमान गुण मिळवणं एवढीच अट असते, त्याला पात्रतेचा पेपर म्हणतात. जाहिरातीत त्यासाठी 'अर्हताकारी' असा शब्द असतो, अभ्यासिकेत सगळे त्याला क्वालिफाइंग म्हणतात. किमान रेषा ओलांडली की त्या पेपरचं काम संपलं. तुम्ही ती एका गुणाने ओलांडली की शंभर गुणांनी, याची नोंद पुढे कोणी घेत नाही.

ज्या पेपरचे गुण बेरजेत धरून उमेदवारांचा क्रम लावला जातो, तो गुणवत्तेचा पेपर. इथे प्रत्येक गुण, अगदी अर्धा गुणही, तुम्हाला कोणाच्या तरी पुढे किंवा मागे नेतो.

कुस्तीच्या स्पर्धेत आखाड्यात उतरण्याआधी वजन होतं ते आठवा. ५० किलो गटात ४८ किलोचा मल्ल आला म्हणून त्याला कोणी गुण देत नाही. लढत गुणांवर ठरते आणि त्या गुणांत वजनाचा काही संबंध नसतो. पण काट्यावर जास्त भरलात तर लढतीला उभंच राहता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाटचं हेच झालं. आदल्या दिवशी तीन लढती जिंकून ती अंतिम फेरीत पोहोचली होती, दुसऱ्या दिवशीच्या वजनात साधारण १०० ग्रॅम जास्त भरली आणि तिला अपात्र ठरवलं. आदल्या दिवशीच्या विजयांचाही उपयोग झाला नाही, रौप्यपदकही गेलं. पात्रतेचा पेपर असाच असतो. तो तुम्हाला जिंकून देत नाही, पण बाकी सगळं जिंकलेलं एका झटक्यात काढून घेऊ शकतो.

राज्यसेवेत कोणता पेपर कुठे मोडतो

पूर्व परीक्षेत दोन पेपर. पहिला सामान्य अध्ययनाचा, १०० प्रश्न आणि २०० गुण. दुसरा सीसॅट, म्हणजे उताऱ्यांचं आकलन, अंकगणित, तर्क यांचा, ८० प्रश्न आणि २०० गुण. सीसॅटमध्ये ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की तुम्ही पात्र. मग पुढे कोणाला मुख्य परीक्षेला बोलवायचं हे फक्त पहिल्या पेपरच्या गुणांवरून ठरतं. वर्तमानपत्रात किंवा टेलिग्रामवर जो कट ऑफ, म्हणजे आत येणाऱ्या शेवटच्या उमेदवाराच्या गुणांचा आकडा फिरतो, तो या पहिल्या पेपरचा.

मुख्य परीक्षेत मराठी आणि इंग्रजीच्या पेपरना प्रत्येकी २५ टक्के, म्हणजे ३०० पैकी ७५ गुण लागतात. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन, असे सात पेपर मिळून १७५० गुण. त्यात मुलाखतीचे २७५ मिळवले की २०२५. अंतिम यादी या २०२५ पैकी मिळालेल्या गुणांवर लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा देणाऱ्यांना हे आकडे तोंडपाठ असतील, कारण राज्यसेवेचा नवा आराखडा जवळजवळ तसाच आहे.

आता पूर्व परीक्षेचा पहिला पेपर. तो पात्रतेचा म्हणायचा की गुणवत्तेचा? बहुतेकांची चूक इथेच होते, कारण तो धड दोन्हींपैकी एकही नाही. त्याचे गुण क्रम लावायला वापरले जातात, पण तेवढ्याच टप्प्यापुरते. मुख्य परीक्षेला बोलवायच्या उमेदवारांची यादी झाली की ते गुण बाजूला ठेवले जातात. पूर्वमध्ये पहिला आलेला आणि कट ऑफवर काठावर आत आलेला, दोघंही मुख्य परीक्षेला शून्यापासून सुरुवात करतात. याला चाळणीचा पेपर म्हटलं तर बरं पडेल. पात्रतेच्या पेपरात रेषा आधीच जाहीर असते, ३३ म्हणजे ३३. चाळणीच्या पेपरात रेषा किती उंच असेल हे बाकीचे उमेदवार किती गुण मिळवतात आणि जागा किती आहेत यावर ठरतं, त्यामुळे निकाल लागेपर्यंत कोणालाच माहीत नसतं.

चार उमेदवार, एक निकाल

उदाहरण घेऊ. नावं आणि गुण काल्पनिक आहेत, नियम खरे. समजा पूर्व परीक्षेचा कट ऑफ ११० लागला.

सायलीला पहिल्या पेपरात १२८ आणि सीसॅटमध्ये ६६.२५. निखिलला पहिल्या पेपरात ११२, सीसॅटमध्ये १५०. ओंकारला पहिल्या पेपरात १३४, तिघांत सर्वाधिक, पण सीसॅटमध्ये ६५.६२५.

ओंकार बाहेर. त्याचे १३४ गुण कोणत्याही यादीत येत नाहीत, कारण पहिल्या पेपरची यादी करताना सीसॅटमध्ये पात्र ठरलेल्यांचेच गुण पाहिले जातात. सायली आणि निखिल दोघंही आत. निखिलचे सीसॅटचे १५० आणि सायलीचे काठावरचे ६६.२५ यांची किंमत आता अगदी सारखी आहे.

जुन्या पद्धतीत हेच गुण वेगळं चित्र दाखवतात. सीसॅटचे गुण पूर्वी बेरजेत धरले जायचे, ४०० पैकी यादी लागायची. त्या हिशेबाने निखिल २६२ वर सर्वांत पुढे, ओंकार १९९.६२५ वर, सायली १९४.२५ वर सर्वांत मागे. म्हणजे उत्तरपत्रिका त्याच, नियम बदलला आणि क्रम पार उलटापालटा झाला. सर्वांत मागे असलेली सायली आत आणि तिच्या पुढचा ओंकार बाहेर.

मुख्य परीक्षेत आता चौथी उमेदवार घेऊ, रेश्मा. सायलीला मराठीत १९०, इंग्रजीत ८२, सात पेपरांत मिळून ७४२ आणि मुलाखतीत १५०. निखिलला मराठीत ७८, इंग्रजीत २१५, सात पेपरांत ७५१ आणि मुलाखतीत १४०. रेश्माला सात पेपरांत तब्बल ७९०, पण इंग्रजीत ७१.

रेश्मा मुलाखतीपर्यंत पोहोचतच नाही. चार गुण इंग्रजीत कमी पडले आणि ७९० चा काही उपयोग राहिला नाही. केंद्रीय आयोगाच्या नियमात तर हे स्पष्ट लिहिलेलं आहे की सगळे पेपर एकाच वेळी तपासले जातील, पण दोन्ही भाषांत २५ टक्के मिळवणाऱ्यांचेच इतर पेपर विचारात घेतले जातील. म्हणजे तपासलेला पेपरही विचारात न घेता बाजूला पडू शकतो.

उरले सायली आणि निखिल. सायली ७४२ अधिक १५०, एकूण ८९२. निखिल ७५१ अधिक १४०, एकूण ८९१. सायली एका गुणाने पुढे. भाषांचे गुण मिळवले असते तर निखिल ११८४ वर आणि सायली ११६४ वर असती, म्हणजे निखिल वीस गुणांनी पुढे. निखिलला हे पचायला जड जाईल, पण त्याला जाहिरात निघाली त्या दिवसापासून माहीत होतं की इंग्रजीचे २१५ बेरजेत येणार नाहीत.

दोघांचे गुण सारखे झाले असते तर? तेव्हा तरी भाषेचे गुण काढून बघतील, असं अनेकांना वाटतं. केंद्रीय आयोग समसमान गुणांच्या वेळी आधी अनिवार्य पेपर आणि मुलाखत यांची बेरीज बघतो, तीही सारखी असेल तर वयाने मोठ्या उमेदवाराला वर ठेवतो. इथे अनिवार्य पेपर म्हणजे गुणवत्तेत धरलेले अनिवार्य पेपर, वैकल्पिक विषय सोडून. पात्रतेच्या पेपरचे गुण इथेही उपयोगी पडत नाहीत.

काठावरचं गणित

सायलीचे ६६.२५ आणि ओंकारचे ६५.६२५ हे आकडे मी उगीच घेतलेले नाहीत. राज्यसेवेच्या सीसॅटमध्ये बरोबर उत्तराला २.५ गुण आणि चुकीच्या उत्तराला त्याच्या पाव पट, म्हणजे ०.६२५ गुण वजा होतात. (निर्णयक्षमतेच्या मोजक्या प्रश्नांना वजावट नसते, ते इथे बाजूला ठेवू.) सायलीने ४४ प्रश्न सोडवले, ३० बरोबर, १४ चुकीचे. ७५ मधून ८.७५ गेले, राहिले ६६.२५. ओंकारने ४५ सोडवले, ३० बरोबर, १५ चुकीचे. ७५ मधून ९.३७५ गेले, राहिले ६५.६२५. दोघांची बरोबर उत्तरं सारखीच. ओंकारने शेवटच्या मिनिटाला अंदाजाने रंगवलेला तो एक गोळा त्याला घेऊन बुडाला.

केंद्रीय आयोगात वजावट एक तृतीयांश असते, म्हणजे दर चुकीला साधारण ०.८३. तिथे ३० बरोबर असतील तर दहा चुका चालतात, अकरावी चालत नाही.

यातून पात्रतेच्या पेपरात उत्तरं सोडवण्याची रीत वेगळी का हवी, हे कळतं. गुणवत्तेच्या पेपरात दोन पर्याय कापता आले की उरलेल्या दोघांतून एक निवडणं हिशेबात बसतं, कारण सरासरीने फायदाच होतो आणि वरचा प्रत्येक गुण उपयोगी असतो. सीसॅटमध्ये तुम्ही रेषेच्या बरेच वर आहात अशी खात्री असेल, तर आणखी एक प्रश्न अंदाजाने सोडवून काहीही मिळत नाही. बरोबर आला तर वाढलेले गुण वाया, चुकला तर धोका. उलट रेषेच्या खाली आहात असं दिसत असेल, तर वजावटीला घाबरून प्रश्न सोडण्यात अर्थ नाही. ६० वर बाहेर पडलात काय आणि ४० वर काय, निकाल एकच.

आणखी एक गोष्ट काठावरच्यांनी ध्यानात ठेवावी. पेपर झाल्यावर आयोग आधी पहिली उत्तरतालिका देतो, हरकती मागवतो आणि मग अंतिम उत्तरतालिका लावतो. त्यात एखाद्या प्रश्नाचं उत्तर बदललं आणि तुमचं बरोबर उत्तर चुकीचं ठरलं, तर नुकसान २.५ चं नसतं. मिळालेले २.५ जातात आणि वर ०.६२५ वजा होतात, एकूण ३.१२५. सायलीचं एक उत्तर असं बदललं तर ती ६६.२५ वरून थेट ६३.१२५ वर येते. म्हणून पहिल्या तालिकेवर ६७ किंवा ६८ बसत असतील तर निर्धास्त होऊ नये. मी तर ओळखीतल्या मुलांना सांगतो की घरच्या सराव पेपरात सीसॅट सातत्याने ८०–८५ च्या वर येईपर्यंत त्याला सुटलेला समजू नका. परीक्षेच्या दिवशी उतारे लांबलचक निघाले, गणितं किचकट निघाली, तरी मग हातात काही शिल्लक राहते.

"मग गुण द्यायचेच कशाला? नुसतं पास-नापास सांगा"

हा प्रश्न रास्त आहे. गुण द्यावे लागतात, कारण रेषा ओलांडली की नाही हे मोजल्याशिवाय कळणार नाही. पण त्यामागचा खरा विचार वेगळा आहे. काही कौशल्यं अशी असतात की ती अधिकाऱ्याकडे पुरेशी असावीत, पण कोणाकडे ती जास्त आहेत म्हणून त्याने इतरांच्या पुढे जावं असं परीक्षा घेणाऱ्याला वाटत नाही. तहसीलदाराला मराठीत अर्ज वाचता यावा, आदेश लिहिता यावा, इंग्रजीतलं पत्र कळावं. एवढं हवंच. पण दोन उमेदवारांपैकी एकाचं इंग्रजी जास्त सफाईदार आहे म्हणून तो अधिक चांगला तहसीलदार होईल, असं म्हणता येत नाही. शिवाय इंग्रजी किती सफाईदार आहे हे बरंचसं शाळा कुठली होती यावर ठरतं. इंग्रजीचे ३०० गुण बेरजेत धरले तर गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी अभ्यास कितीही करो, आधीच पन्नास–शंभर गुणांनी मागे राहील. किमान रेषा ठेवली की गरज भागते आणि ही दरी यादीत उतरत नाही.

माझ्या मते हा विचार बरोबर आहे. भाषेच्या पेपरला २५ टक्क्यांची रेषा म्हणजे फार मोठी मागणी नाही, केंद्रीय आयोगाच्या नियमात तर या पेपरचा दर्जा दहावीच्या पातळीचा असेल असं म्हटलंय. ज्याला ७५ गुण मिळवणं जड जातं, त्याला त्या भाषेत काम करणंही जड जाईल.

"सीसॅट क्वालिफाइंग करून इंजिनिअरांवर अन्याय झाला"

सीसॅटचा इतिहास थोडा लांबचा आहे. केंद्रीय आयोगाने २०११ मध्ये तो आणला, त्याचे गुण बेरजेत धरले जायचे. हिंदी आणि इतर भाषांतून परीक्षा देणाऱ्यांचं म्हणणं होतं की यात इंग्रजी माध्यमाचे आणि गणिताची सवय असलेले उमेदवार आपोआप पुढे जातात. २०१४ मध्ये दिल्लीत मुखर्जीनगरला मोठं आंदोलन झालं. त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे प्रश्न गुणांतून वगळले आणि २०१५ पासून पूर्ण सीसॅट ३३ टक्क्यांवर पात्रतेपुरता केला. राज्यसेवेत सीसॅट २०१३ मध्ये आला आणि इथेही तीच मागणी वर्षानुवर्षं होत राहिली. शेवटी २०२२ च्या पूर्व परीक्षेपासून तो पात्रतेचा झाला.

निखिलसारख्या उमेदवाराचं यात नुकसान झालं, हे खरंच आहे. सीसॅटमधली त्याची सायलीवरची जवळजवळ ८४ गुणांची आघाडी नियमाच्या एका ओळीने पुसली गेली. पण आघाडी पुसली जाणं आणि अन्याय होणं यात फरक आहे. मोजायचं काय, हे परीक्षा घेणारा ठरवतो, आणि ते आधी जाहीर केलेलं असेल तर प्रत्येकाला आपली तयारी त्याप्रमाणे वळवायला वेळ मिळतो. अन्याय तेव्हा झाला असता, जेव्हा पेपर झाल्यावर नियम बदलला असता.

"पात्रतेचाच पेपर अवघड काढला तर?"

ही तक्रार मला जास्त गंभीर वाटते. रेषा ३३ वर कायम ठेवायची आणि प्रश्न कठीण करायचे, म्हणजे कागदावर पेपर पात्रतेचा राहतो पण काम चाळणीचं करायला लागतो. केंद्रीय आयोगाच्या २०२३ च्या पूर्व परीक्षेत हे ठळकपणे दिसलं. त्या वर्षीचा सीसॅट, विशेषतः त्यातलं गणित, अनेकांना भलतंच जड गेलं. काही उमेदवार प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले, रेषा २३ टक्क्यांवर आणा अशी त्यांची मागणी होती. रेषा ३३ वरच राहिली.

त्याच वर्षी खुल्या गटाचा पहिल्या पेपरचा कट ऑफ ७५.४१ वर आला. आदल्या वर्षी तो ८८.२२ होता आणि पुढच्या वर्षी, २०२४ ला, पुन्हा ८७.९८ झाला. मधल्या या घसरणीचं कारण फक्त सीसॅट नव्हतं, त्या वर्षी पहिला पेपरही कठीण होता. पण पात्रतेच्या पेपरचा कट ऑफवर परिणाम होतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. पहिल्या पेपरात चांगले गुण असलेले पुष्कळ उमेदवार सीसॅटमध्ये गळाले, की यादीत जागा भरायला आयोगाला आणखी खाली उतरावं लागतं. जागा तेवढ्याच, रांगेतली पुढची माणसं कमी, म्हणून रेषा खाली. त्यामुळे ज्याचा सीसॅट पक्का आहे, त्याला अशा वर्षी पहिल्या पेपरात थोडे कमी गुण असूनही आत येता येतं. सीसॅटचे जास्तीचे गुण बेरजेत नसतात, पण सीसॅट सुटणं हाच अशा वर्षी मोठा फायदा ठरतो.

म्हणून गेल्या वर्षांचे कट ऑफ बघताना नुसता आकडा बघू नये. त्या वर्षी पात्रतेचा पेपर कसा होता, हेही विचारावं. नाहीतर ७५ चा आकडा बघून "एवढ्यात होतंय की" असं वाटतं आणि पुढच्या वर्षी ८५ वर बाहेर राहावं लागतं.

एकाहून जास्त कामं करणारे पेपर

पोलीस भरतीला हा हिशेब लावायला गेलात तर तो बसत नाही, कारण तिथे एकच चाचणी तीन कामं करते. शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांसाठी १६०० मीटर धावण्याला २०, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. यात निम्मे, म्हणजे २५ गुण मिळवणं सक्तीचं, ते झालं पात्रतेचं काम. मग एका जागेमागे दहा, अशा प्रमाणात मैदानी गुणांच्या क्रमाने उमेदवार लेखी परीक्षेला बोलावले जातात, ते झालं चाळणीचं काम. आणि शेवटी लेखीचे १०० गुण आणि मैदानीचे ५० मिळून १५० पैकी अंतिम यादी लागते, म्हणजे मैदानीचे गुण गुणवत्तेतही धरले जातात. लेखीतही किमान ४० टक्के लागतात. सीसॅटच्या सवयीने कोणी "मैदानीत २५ झाले, आता लेखीचा अभ्यास" असं म्हणाला तर तो लेखीला बोलावला जाण्याआधीच मागे पडेल.

केंद्रीय आयोगाच्या मुख्य परीक्षेतही असा छोटासा पदर आहे. गुणवत्तेच्या सातही पेपरांत प्रत्येकी किमान १० टक्के गुण लागतात. म्हणजे सहा पेपरांत उत्तम गुण आणि सातव्यात २५० पैकी २० असतील तर बेरीज कितीही असो, उपयोग नाही. ही रेषा इतकी खाली आहे की तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही, पण ती आहे.

जाहिरात हातात आल्यावर

प्रत्येक परीक्षेत हे नियम वेगळे असतात आणि एकाच परीक्षेतही वर्षागणिक बदलतात, म्हणून क्लासच्या पत्रकावर किंवा मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. जाहिरातीत किंवा तिच्यासोबतच्या परीक्षा योजनेत प्रत्येक पेपरसमोर काय लिहिलंय ते बघावं. "अर्हताकारी स्वरूपाचा" किंवा "गुणवत्ता यादीसाठी गुण विचारात घेतले जाणार नाहीत" असं असेल तर तो पात्रतेचा, आणि त्यापुढे किती टक्के लिहिलेत ते लगेच नोंदवून ठेवावं. ती टक्केवारी सर्व प्रवर्गांना सारखी आहे की वेगवेगळी, हेही तिथेच लिहिलेलं असतं. नागरी सेवा परीक्षेच्या सीसॅटची ३३ टक्क्यांची रेषा सर्वांना सारखीच आहे, प्रवर्गानुसार बदलतो तो पहिल्या पेपरचा कट ऑफ. आरक्षित प्रवर्गाला इथे सवलत असेल असं गृहीत धरून काठावर राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

मग प्रत्येक टप्प्यासाठी एकच प्रश्न विचारावा, की इथले गुण पुढच्या टप्प्यात सोबत येतात का? बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या भरतीत पूर्व परीक्षेचे गुण मुख्य परीक्षेला बोलवण्यापुरतेच असतात. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तर परीक्षेत दुसऱ्या टप्प्यातला संगणक ज्ञानाचा भाग आणि टंकलेखनासारखी डेटा एंट्रीची चाचणी पात्रतेपुरती असते, त्यामुळे गणितात आणि इंग्रजीत झेंडे लावून आलेला उमेदवार कीबोर्डवरच्या वेगात अडकतो. अशा चाचणीची तयारी शेवटच्या आठवड्यात होत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार महिने, एवढी ती लागते, आणि तेवढी झाली की त्यावर आणखी वेळ घालवायची गरजही नसते. उरलेला सगळा वेळ त्या पेपरांना द्यावा, ज्यांचे गुण शेवटच्या बेरजेत येतात. राज्यसेवेच्या उमेदवारासाठी ते म्हणजे निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषयाचे १७५० गुण.